भिक्खुणी संघाची साखळी तुटली, ती पुन्हा जोडता का आली नाही?

मृणाल_कराड

नमस्कार. यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात आम्ही काही जणी थेरीगाथा, म्हणजे बुद्धकाळातल्या भिक्खुणींची काव्यं, वाचतो आहोत. पटाचारा, किसा गोतमी झाल्या, आता सोमाशी आलोय. मार तिला म्हणतो, ऋषींनाही दुर्लभ असं ते स्थान, दोन बोटांच्या बुद्धीच्या बाईला कुठून मिळणार? ती म्हणते, चित्त नीट स्थिरावलं असेल तर बाईपण काय आड येणार? या ओळीवर आम्ही अख्खी संध्याकाळ बोलत होतो.

मग साहजिकच कुणीतरी विचारलं की या बायका गेल्या कुठे? श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड इथे भिक्खू आहेत, पण भिक्खुणींची परंपरा तुटली ती तुटलीच. विहारात आलेल्या एका भन्तेंना विचारलं. ते म्हणाले, साखळी तुटली, आता भिक्खुणीच नाहीत तर भिक्खुणी करणार कोण? उत्तर ऐकायला सरळ वाटतं. पण श्रीलंकेत भिक्खूंची साखळीही तुटली होती ना? ती जोडली गेली. मग हीच का नाही? भिक्खुणींवर घातलेल्या आठ खास नियमांचा, म्हणजे गरुधम्मांचा, याच्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी लिहावं.

चंद्रकांत_शिरोळ

ताई, संबंध आहेच. पण मुख्य कारण आक्रमणं. नालंदा, विक्रमशिला जाळली गेली, विहार ओस पडले, भिक्खू तिबेट-नेपाळकडे निघून गेले. बायकांना तसं पळून जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे भिक्खुणी संघ आधी संपला. शिवाय स्वतः तथागतांनी सांगून ठेवलं होतं की स्त्रियांना प्रव्रज्या दिल्यामुळे सद्धर्म हजार वर्षांऐवजी पाचशेच वर्षं टिकेल. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात स्पष्ट लिहिलेलं आहे.

सोपारेकर

चंद्रकांतजी, चुल्लवग्गात तसं लिहिलेलं आहे हे खरं. त्यावर पुढे बोलू. नालंदेचं कारण मात्र मृणालताईंच्या प्रश्नाला लागू पडत नाही. त्या श्रीलंकेबद्दल विचारताहेत, आणि तिथला भिक्खुणी संघ नालंदेच्या विध्वंसाआधीच संपला होता. तिथे आक्रमण झालं ते चोळांचं. ९९३ च्या सुमारास राजराज चोळाच्या सैन्याने अनुराधपूर उद्ध्वस्त केलं. पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं बेटाचा मोठा भाग चोळांकडे होता. विहारांच्या जमिनी गेल्या, दान आटलं. भिक्खू आणि भिक्खुणी दोघेही त्यात भरडले गेले.

१०७० मध्ये विजयबाहूने चोळांना हाकललं, तेव्हा पूर्ण भिक्खू करण्याच्या उपसंपदा विधीला पुरतील इतके भिक्खूही राज्यात उरले नव्हते. त्याने ब्रह्मदेशाच्या राजाकडे दूत पाठवले, तिकडून भिक्खू आणवले आणि भिक्खू संघ पुन्हा सुरू केला. अठराव्या शतकात पुन्हा तशीच वेळ आली, तेव्हा १७५३ मध्ये सयामहून उपाली थेर आले. आजचा सियाम निकाय तिथून सुरू होतो. म्हणजे भिक्खूंची साखळी निदान दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा बाहेरून आणून जोडली गेली. भिक्खुणी आणल्याची नोंद सिंहली इतिवृत्तात नाही.

हा फरक समजून घ्यायचा तर सहावा गरुधम्म नीट पाहावा लागतो. आधी मूळ प्रसंग थोडक्यात सांगतो.

कपिलवस्तूच्या निग्रोधारामात महापजापती गोतमीने तीनदा विनंती केली आणि तीनदा नकार ऐकला. बुद्ध वैशालीला गेले. तिने केस कापले, काषाय वस्त्रं नेसली आणि पुष्कळ शाक्य स्त्रियांना घेऊन पायी वैशाली गाठली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी, अशी ती कूटागारशाळेच्या दाराबाहेर उभी राहिली. आनंदाने तिला पाहिलं. त्याने आधी तीच विनंती तीनदा केली आणि तोच नकार ऐकला. मग प्रश्न फिरवला: स्त्री प्रव्रज्या घेऊन सोतापत्ती या पहिल्या पायरीपासून अर्हत्त्वापर्यंत पोचू शकते का? बुद्ध म्हणाले, पोचू शकते. असं असेल तर ज्या मावशीने आईमागे तुम्हाला दूध पाजलं तिला वाट द्या, असं आनंद म्हणाला. त्यावर आठ गरुधम्म मान्य करण्याच्या अटीवर परवानगी मिळाली.

सहावा असा: दोन वर्षं सहा नियमांचं शिक्षण घेतलेल्या स्त्रीने उपसंपदा दोन्ही संघांकडून मागावी. भिक्खूला एक संघ पुरतो, भिक्खुणीला दोन लागतात. परदेशातून पुरेसे भिक्खू आणले की भिक्खू संघ चालू. भिक्खुणी संघासाठी मात्र भिक्खुणीच आणाव्या लागतात, आणि त्या आणल्या तरी भिक्खूंची संमती लागतेच.

वैशाली_चंद्रपूर

जय भीम सर्वांना. माझ्या आईने चार वर्षांपूर्वी नागपूरला श्रामणेरी शिबिर केलं. दहा दिवस मुंडन करून, चीवर घालून राहिली. परत आली तेव्हा वस्तीतले सगळे तिला वाकून वंदन करत होते, आणि शेजारचे काका म्हणाले की असं चालत नाही, थेरवादात बाई चीवर घालूच शकत नाही. आई फार दुखावली. तिचं ते शिबिर नियमाला धरून होतं की नव्हतं?

सोपारेकर

वैशालीताई, आईंना सांगा, त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. वर सगळा वाद चाललाय तो उपसंपदेचा, म्हणजे पूर्ण भिक्खुणी होण्याचा. श्रामणेरीची प्रव्रज्या ही त्याआधीची पायरी. आपल्याकडच्या शिबिरांत दहा शील आणि चीवर काही दिवसांपुरतं घेतलं जातं, त्याने कुणी भिक्खुणी होत नाही आणि तसा दावाही कुणी करत नाही. कर्मठ पक्ष श्रामणेरीबद्दलही हरकत घेतो, कारण विनयाप्रमाणे तिला प्रव्रज्या देणारी भिक्खुणी असायला हवी. काकांनी बहुधा तेच कुठेतरी ऐकलं असावं. पण स्त्रीने चीवर घालूच नये असा नियम विनयात कुठेच नाही. उलट भिक्खूला तीन चीवरं आणि भिक्खुणीला पाच सांगितली आहेत.

रेवती_म

मला सहाव्यापेक्षा पहिला गरुधम्म जास्त खुपतो. उपसंपदेला शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीने आजच उपसंपदा झालेल्या भिक्खूला उठून हात जोडून वंदन करायचं. आणि गोतमीने तो निमूट मान्य केला हे अर्धंच सांगितलं जातं. त्याच चुल्लवग्गात पुढे ती आनंदाकरवी पुन्हा विचारते की वंदन ज्येष्ठतेप्रमाणे होऊ द्या. नकार मिळतो. पण तिने विचारलं, हे लक्षात ठेवायला हवं.

आणि हा प्रश्न नुसता मानापमानाचा नाही. संघ दानावर जगतो. ज्याचं स्थान वरचं, त्याला दिलेल्या दानाचं पुण्य मोठं असं लोक मानतात. भिक्खुणी कितीही विदुषी असली तरी रांगेत कालच्या पोराच्या मागे बसणार असेल, तर सुगीत तिला वाटा मिळेल, दुष्काळात मिळणार नाही. चोळांच्या पाऊणशे वर्षांत भिक्खुणींचे विहार आधी का रिकामे झाले असतील, याचं उत्तर मला इथे दिसतं.

आपल्याच डोंगरांतल्या लेण्यांत याची उलट बाजूही आहे. कुड्याला, कान्हेरीला दान देणाऱ्यांमध्ये प्रव्रजित स्त्रिया आहेत. कुड्याच्या लेखात तर दान देणारीसोबत तिच्या शिष्येचंही नाव आहे. सांचीच्या स्तूपावर भिक्खुणींची नावं कितीतरी. म्हणजे सुरुवातीच्या शतकांत या बायकांकडे देण्याजोगं काहीतरी होतं आणि शिष्यांची परंपराही होती.

चंद्रकांत_शिरोळ

पण रेवतीताई, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला, त्यात बुद्धावर स्त्रीविरोधाचा आरोप करणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिलंय. भिक्खुणी संघ भिक्खूंच्या देखरेखीखाली ठेवला तो कमी लेखून नव्हे. नव्याने आलेल्या स्त्रियांना शिकवायला अनुभवी कुणीतरी हवं होतं, म्हणून. आपण गरुधम्मांना नावं ठेवली तर बुद्धालाच नावं ठेवल्यासारखं होतं.

रेवती_म

असं कसं होईल? त्याच लेखात बाबासाहेबांनी आनंदाच्या तोंडी घातलेला स्त्रियांकडे न पाहण्याचा संवाद प्रक्षिप्त मानलाय. परंपरेतलं प्रत्येक वाक्य बुद्धाचं असं त्यांनीही धरलं नाही. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' मध्ये हे आठ गुरुधर्म मागाहून रचलेले आहेत असं मांडलं. त्यांचा मुद्दा साधा आणि भक्कम आहे. बुद्ध दोष घडल्याशिवाय नियम करत नसत. सारिपुत्ताने आधीच नियम घालून द्या म्हटलं, तेव्हा त्यालाही थांबायला सांगितलं होतं. मग एकही भिक्खुणी झालेली नसताना आठ नियम एकदम कसे आले?

सोपारेकर

कोसंबींच्या मुद्द्याला खुद्द विनयातच आधार सापडतो. या आठांतले बहुतेक नियम भिक्खुणींच्या पातिमोक्ख या नियमावलीत पाचित्तिय, म्हणजे कबुलीने सुटणारा दोष, म्हणून पुन्हा येतात, आणि तिथे प्रत्येकाला प्रसंग जोडलेला आहे: अमुक घडलं, तक्रार आली, म्हणून नियम केला. नियम पहिल्याच दिवशी ठरला असता तर तो पुन्हा करायची गरज नव्हती. सहाव्यात तर उघड अडचण आहे. त्यात दोन वर्षं शिकणाऱ्या उमेदवार स्त्रिया आणि भिक्खुणी संघ दोन्ही गृहीत धरलेत, आणि त्या क्षणी जगात यांतलं काहीच नव्हतं.

चुल्लवग्ग पुढे काय सांगतो पाहा. गोतमी विचारते, या शाक्य स्त्रियांचं मी काय करू? बुद्ध भिक्खूंना सांगतात, भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी. दुसरा संघ नव्हताच, म्हणून एकाच संघाने दिली. गंमत पाहा, त्या नव्या भिक्खुणी उलट गोतमीलाच म्हणू लागल्या की आमची उपसंपदा झाली, तुमची झालेलीच नाही. तेव्हा बुद्धांना खुलासा करावा लागला की गरुधम्म स्वीकारले तीच तिची उपसंपदा.

नंतर अडचण आली प्रश्नांची. उपसंपदेआधी उमेदवाराला आजार, कर्ज, आईवडिलांची परवानगी असं विचारतात. स्त्रियांना त्यात शरीराबद्दलचेही प्रश्न होते. भिक्खूंसमोर त्या लाजायच्या, उत्तर देऊ शकत नव्हत्या. म्हणून ठरलं की आधी भिक्खुणी संघाने प्रश्न विचारून उपसंपदा द्यावी, मग भिक्खू संघाने. दोन संघांची पद्धत अशी आली. बायकांचा संकोच टळावा म्हणून केलेली सोय होती ती, आणि तीच हजार वर्षांनी दाराचं कुलूप झाली.

निरंजन_सातपुते

मी ब्रह्मदेशात दोनदा दीर्घ शिबिरासाठी राहिलो आहे, तिथल्या सयाडोंकडून, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंकडून, विनय थोडाफार शिकलो. सोपारेकरांनी कथा बरोबर सांगितली, पण त्यातून निघणारा निष्कर्ष सरळ नाही. आधीची परवानगी एका संघाची, नंतरची दोन संघांची. नंतरची आली की आधीची संपली, असंच परंपरा मानते. विनयाच्या विभंग या भागातही भिक्खुणी म्हणजे दोन्ही संघांत उपसंपन्न झालेली, अशीच व्याख्या आहे. आपल्याला आज अन्याय वाटतो म्हणून विधी बदलायचा, तर उद्या भिक्खूही आपल्या सोयीने बदलतील. विनय टिकला तो या हट्टामुळेच. ब्रह्मदेशातल्या तिलशिन गुलाबी वस्त्रात राहतात, आठ शीलं पाळतात, त्यांच्यातल्या कित्येक पाली परीक्षांत भिक्खूंच्या पुढे असतात. त्यांच्यातल्या बहुतेकींनी मला सांगितलं की भिक्खुणी होण्यावाचून आमचं काही अडत नाही.

मृणाल_कराड

निरंजनजी, त्यांचं अडत नाही हे मी मान्य करते. पण जिचं अडतं तिला वाट असावी की नसावी? आणि "आधीची संपली" असं बुद्धांनी कुठे म्हटलंय का?

सोपारेकर

मृणालताईंनी नेमकी जागा पकडली. भिक्खूंच्या बाबतीत असाच बदल झाला होता. सुरुवातीला तीन शरणगमनं म्हणवून घेऊन उपसंपदा देत. नंतर संघासमोर एकदा प्रस्ताव आणि तीनदा घोषणा ही पद्धत आली. त्या वेळी बुद्धांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं की शरणगमनाने दिलेली उपसंपदा आजपासून रद्द. भिक्खुणींच्या बाबतीत 'भिक्खूंनी उपसंपदा द्यावी' ही परवानगी रद्द केल्याचं वाक्य नाही. ब्रह्मदेशातल्याच जेतवन सयाडोंनी १९४९ मध्ये पालीत लिहिलं की भिक्खुणी संघ अस्तित्वात नसेल तर भिक्खूंनी एकट्याने उपसंपदा द्यायला हरकत नाही. तेव्हा परंपरा एकमुखी होती असं नाही. निरंजनजी म्हणतात ती व्याख्याही खरीच आहे. दोन्ही बाजू त्याच विनयातून बोलताहेत.

हा प्रश्न पूर्वी एकदा प्रत्यक्ष उभा राहिला होता. ४२९ मध्ये नंदी नावाच्या जहाजमालकाच्या नावेतून काही सिंहली भिक्खुणी चीनच्या दक्षिण राजधानीत, आजच्या नानजिंगला पोचल्या. तिथे स्त्रिया आधीपासून प्रव्रजित होत्या, पण त्यांना उपसंपदा फक्त भिक्खूंनी दिलेली होती. सिंहली भिक्खुणींनी विचारलं, आमच्याआधी इथे परदेशी भिक्खुणी आल्या होत्या का? नाही म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, मग तुम्हाला दोन संघांची उपसंपदा मिळाली कशी?

चिनी भिक्खुणी अस्वस्थ झाल्या. त्या गुणवर्मन् या भारतीय आचार्याकडे गेल्या. तो म्हणाला, तुमची उपसंपदा महापजापतीच्या सोबतिणींसारखीच झाली, ती वैध आहे. तरी पुन्हा घ्यावीशी वाटली तर ती चांगलीच गोष्ट. पण आलेल्या भिक्खुणींची संख्या उपसंपदेला लागणाऱ्या दहापर्यंत भरत नव्हती, आणि सगळ्यांची ज्येष्ठताही पुरेशी नव्हती. म्हणून असं ठरलं की आलेल्यांनी तोवर चिनी भाषा शिकावी आणि श्रीलंकेहून आणखी भिक्खुणी बोलवाव्यात. ४३१ मध्ये गुणवर्मन् वारला. ४३३ मध्ये दुसरी तुकडी आली, आणि मग संघवर्मन् याच्या देखरेखीखाली तीनशेहून जास्त चिनी भिक्खुणींना दोन्ही संघांकडून उपसंपदा मिळाली.

म्हणजे वैध आहे असं सांगूनही त्या बायकांनी चार वर्षं वाट पाहिली, समुद्रापलीकडून माणसं आणवली. ती परंपरा चीन, कोरिया, व्हिएतनाम, तैवानमध्ये अखंड चालू आहे. ज्या देशाने ती दिली तिथेच ती संपली.

निरंजन_सातपुते

ही कथा मला माहीत आहे आणि ती मला प्रिय आहे. पण चीनमध्ये पुढे धर्मगुप्तक या दुसऱ्या पंथाचा विनय चालू झाला. थेरवादी भिक्खुणीला ३११ नियम, त्यांच्याकडे ३४८. महायानी व्रतंही त्यांनी जोडली. ते परत आणून त्याला थेरवाद कसं म्हणायचं?

रेवती_म

हा आक्षेप १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला घेतला गेलाच होता. सारनाथला कोरियन भिक्खुणींच्या साहाय्याने दहा सिंहली स्त्रियांना उपसंपदा मिळाली, त्यांत भिक्खुणी कुसुमा होत्या. बोधगयेला तैवानच्या फो गुआंग शान संस्थेने मोठा सोहळा केला. मला त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. बोधगयेहून सिंहली भिक्खुणी सारनाथला गेल्या आणि तिथे थेरवादी भिक्खूंनी एकट्यांनी त्यांना पालीत पुन्हा उपसंपदा दिली. चिनी परंपरा मानणाऱ्याच्या दृष्टीने दोन संघ झाले. ती न मानणाऱ्याच्या दृष्टीने ही भिक्खूंनी एकट्याने दिलेली पहिली उपसंपदा, गोतमीच्या सोबतिणींसारखी. दोन्ही वाटा एकदम चालून घेतल्या त्यांनी.

निरंजन_सातपुते

आणि लगेच त्याच वर्षी श्रीलंकेत दांबुल्लाला परतून त्यांनी इतरांना उपसंपदा दिली. उपसंपदा देणारी भिक्खुणी बारा वर्षांची ज्येष्ठ असावी हा नियम कुठे गेला?

सोपारेकर

हा आक्षेप खरा आहे. भिक्खूला दहा वर्षांनी उपाध्याय होता येतं. भिक्खुणीला बारा वर्षं लागतात, आणि तरी तिने एका वर्षी एकीलाच उपसंपदा द्यावी, पुढचं वर्ष मोकळं सोडावं असाही नियम आहे. राहायला जागा पुरत नव्हती, हे त्यामागचं मूळ कारण. म्हणजे एका ज्येष्ठ भिक्खुणीला पाच जणी तयार करायला नऊ वर्षं लागणार. दुष्काळ, युद्ध, साथ यांतून भिक्खू संघ एका पिढीत सावरतो, भिक्खुणी संघाला तो वेग मिळतच नाही. मृणालताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा हा राहिलेला भाग.

पण निरंजनजी, हे नियम मोडले तर देणारीला पाचित्तिय दोष लागतो. दोष कबूल करून ती शुद्ध होते. घेणारीची उपसंपदा रद्द होत नाही. दोन वर्षांचं शिक्षण न झालेल्या स्त्रीला उपसंपदा दिली तरी विनय तेवढंच सांगतो. विधी अवैध ठरतो तो संघच पुरा नसेल तर. म्हणून शेवटी सगळा वाद एकाच जागी येऊन अडतो, की भिक्खुणी संघ नसताना भिक्खू संघ एकटा पुरा धरायचा का.

वैशाली_चंद्रपूर

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, तिबेटी लोकांमध्ये बायका दिसतात लाल वस्त्रात, त्या मग कोण?

सोपारेकर

त्या बहुतेक श्रामणेरी. तिबेटात मूलसर्वास्तिवाद विनय गेला, पण भिक्खुणींची परंपरा तिथे कधी रुजलीच नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्न आला नाही. २०१६ पासून त्यांना गेशेमा ही सर्वोच्च विद्यापदवी मिळू लागली, उपसंपदेचा निर्णय मात्र लांबत गेला. भूतानने २०२२ मध्ये निराळं पाऊल टाकलं. तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, म्हणजे 'जे खेंपों'नी, शंभराहून जास्त स्त्रियांना पूर्ण उपसंपदा दिली, आणि ती भिक्खूंनी एकट्यांनी दिली.

निरंजन_सातपुते

भूतानचं मान्य, पण तो त्यांचा विनय, थेरवादाचा नव्हे. थायलंडमध्ये १९२८ चा संघराजांचा आदेश अजून पुढे केला जातो, त्यात भिक्खूंनी स्त्रियांना उपसंपदा देऊ नये असं आहे. अजान ब्रह्म यांनी २००९ मध्ये पर्थला उपसंपदेत भाग घेतला, तर त्यांना त्यांच्या गुरुपरंपरेने बाहेर काढलं. मी स्वतः अजून जुन्याच बाजूला आहे. मात्र रद्द केल्याचं वाक्य नाही, या मुद्द्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. पुढच्या हिवाळ्यात सयाडोंना विचारेन.

मृणाल_कराड

जरूर विचारा आणि इथे लिहा. माझा आणखी एक प्रश्न. विजयबाहूच्या काळात ब्रह्मदेशात, पगानला, भिक्खुणी होत्या ना? मग भिक्खू मागवताना त्याने त्या का मागवल्या नाहीत?

सोपारेकर

पगानच्या शिलालेखांत भिक्खुणी तेराव्या शतकापर्यंत दिसतात, तेव्हा त्या मिळाल्या असत्या. सिंहली राजाला भिक्खू लागत होते ते राज्याला मान्यता द्यायला, दंतधातूचा सोहळा करायला. भिक्खुणींवाचून त्याचं काही अडत नव्हतं, असं मला वाटतं. पुरावा म्हणाल तर फक्त इतिवृत्ताचं मौन आहे.

रेवती_म

मला यात आणखी एक शक्यता दिसते. बेटावर भिक्खुणी १०७० नंतरही थोड्याफार शिल्लक असतील, आणि संपल्यात हे लक्षातच उशिरा आलं असेल. पोलोन्नरुवाच्या काळातले लेख कुणी या नजरेने वाचलेत का? असतील तर दुवा द्या, वेगळा धागा काढू.

मृणाल_कराड

काढाच. आमच्या वाचनात पुढच्या आठवड्यात धम्मदिन्ना आहे. पूर्वीच्या नवऱ्याच्या प्रश्नांना ती उत्तरं देते, आणि बुद्ध म्हणतात, मला विचारलं असतंत तर मीही हेच सांगितलं असतं. चुळवेदल्ल सुत्ताचं मराठी भाषांतर कुणाकडे असेल तर कळवा, आमच्याकडची प्रत जीर्ण झालीय.